भिंतीच्या धुळीची पुडी

आमच्या दुकानात गिऱ्हाईक आलं आणि "गिट्टी द्या" म्हणालं, की मी विचारतो, "भिंत कशाची आहे?" यावर निम्मे लोक सांगतात, "स्वतःची." उरलेल्यांपैकी कुणी म्हणतं "मजबूत आहे", कुणी म्हणतं "बिल्डर ओळखीचा आहे", आणि एक गृहस्थ तर रागावून म्हणाले होते, "भाड्याची आहे, म्हणून काय गिट्टी देणार नाही?" भिंतीच्या आत काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. घर घेताना लोक पार्किंग बघतात, पाणी किती वेळ येतं ते विचारतात, देवघर कुठल्या दिशेला येईल ते ठरवतात. ज्या भिंतीला पुढची तीस वर्षं आपण आपले पंखे, गिझर आणि आजोबांचे फोटो टांगणार असतो, तिची चौकशी करावी असं कुणाच्या मनात येत नाही.

हे दुकान विरार पूर्वेला, फुलपाड्यात आहे. भाऊंचं आहे. भाऊ म्हणजे आमचे मालक, वसईच्या वाडीवाल्या घराण्यातले. त्यांच्या वडिलांपर्यंत केळी आणि भाजीपाला होता, भाऊंनी हार्डवेअर काढलं. मला त्यांनी कामावर ठेवलं ते माझ्या शाळेतल्या सरांच्या शब्दावर. सकाळी कॉलेज, दुपारनंतर दुकान, असं करत मी बी.कॉम. झालो. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. आईवडील दर दिवाळीनंतर मनोरहून कामणच्या बाजूला वीटभट्टीवर जायचे आणि पावसाच्या तोंडाशी परत यायचे. मी मागे आजीपाशी राहून शाळा केली. त्यामुळे वीट म्हणजे काय हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. आणि मला जे काही शिकवलं गेलं त्याबद्दल मी सरांचा, भाऊंचा आणि कॉलेजच्या त्या क्लार्कचाही ऋणी आहे, ज्यांनी माझा फॉर्म दोनदा चुकला तरी तिसऱ्यांदा घेतला.

दुकानात आल्यावर माझ्या लक्षात आलं, की फास्टनरच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद असतो. तो कुणीच वाचत नाही. माल आला की आम्ही खोकी फोडून बरणीत ओतायचो आणि कागद केराच्या डब्यात जायचे. छापलेला कागद फेकायची मला सवय नव्हती. मी ते घरी नेले आणि डिक्शनरी घेऊन वाचले. इंग्रजी बारीक होतं, पण चित्रं चांगली होती. भिंतीचा आडवा छेद, त्यात बोल्ट, कुठे बरोबरची खूण, कुठे फुली. परीक्षेला नसलेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच वाचत होतो.

त्यातून मला कळलं ते असं. गिट्टी, म्हणजे ज्याला खोक्यावर रावल प्लग लिहिलेलं असतं, ती नायलॉनची बारीक नळी. भोकात बसवायची, वरून स्क्रू पिळायचा, की ती फुगते आणि भोकाला घट्ट धरते. भरीव विटेत ती उत्तम बसते. फक्त भोक विटेत पाहिजे, दोन विटांमधल्या सांध्यात नाही, आणि गिट्टी प्लास्टर ओलांडून आत गेली पाहिजे, कारण प्लास्टर हा नुसता दर्शनी कपडा. काँक्रीटला लोखंडी फास्टनर चालतो. तो ठोकून आत घालायचा, नट आवळायचा, की बोल्ट मागे ओढला जातो आणि टोकावरची पत्र्याची पट्टी पसरून काँक्रीटला चावते. हा चावा काँक्रीट सहन करतं, वीट मात्र त्याने फुटू शकते. आणि तिसरी भिंत पोकळ सिमेंट ब्लॉकची. तिला पुढे इंचभर कवच, मागे इंचभर कवच आणि मधे हवा. तिथे फास्टनर घातला तर त्याचं चावायचं टोक हवेत जातं. तिला पोकळीत जाऊन पंख उघडणारा बोल्ट लागतो, किंवा जाळीच्या नळीत केमिकल भरून बसवलेला दांडा, किंवा सरळ आरपार.

हे सगळं मी भाऊंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "छान. आता दोन किलो खिळे मोजून दे त्यांना."

पण मी सोडलं नाही. लोकांना भिंत कशाची हे माहीत नसेल तर भिंतीलाच विचारायचं, असं मी ठरवलं. मी सांगायला लागलो: जिथे लटकवायचं आहे तिथे बारीक बिटने एक भोक पाडा. पहिली धूळ फेकून द्या, ती प्लास्टरची. नंतरची धूळ कागदात घेऊन या. लाल आली तर वीट. करडी, खरखरीत आली तर काँक्रीट. आणि बिट मधेच भसकन आत गेलं तर पोकळ.

लोकांना ही पद्धत फार आवडली. भिंतीची परीक्षा म्हणून नव्हे, पुडी म्हणून. अंगाऱ्यासारखी पुडी बांधून लोक यायचे, काउंटरवर ठेवायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. मी पुडी उघडायचो, चिमूट घेऊन बोटांत चोळायचो आणि सांगायचो. सहा महिन्यांत मला डॉक्टर हे नाव पडलं. फुलपाड्याच्या पलीकडूनही लोक पुड्या घेऊन येऊ लागले. एक आजी तर धुळीबरोबर अकरा रुपये ठेवून गेल्या. मी परत द्यायला धावलो तर भाऊ म्हणाले, "राहू दे रे, श्रद्धेचा प्रश्न आहे."

एकाच माणसाला हे मान्य नव्हतं. ते आमचे मिस्त्री. कारपेंटर, फिटर, जे लागेल ते. त्यांच्याकडे स्वतःची हॅमर मशीन, आणि कळंबच्या समुद्राकाठच्या कॉटेजमध्ये त्यांनी इतके पंखे आणि शेल्फं लावलेली की खाऱ्या हवेत साधा फास्टनर किती पावसाळे टिकतो हे ते गंज बघून सांगायचे. स्टेनलेसच वापर, असं मला त्यांनीच शिकवलं.

"काय डॉक्टर," ते काउंटरवर कोपर टेकून म्हणायचे, "आज कुणाचं रक्त तपासलं?"

"मिस्त्री, कागदात लिहिलंय ते."

"कागदात लिहिलंय ना, मग कागदाला भोक पाड. भिंतीला धूळ विचारू नये. तिला ठोकून विचारावं. आणि मशीन हातात असताना आपलं मनगट काय सांगतं ते ऐकावं."

मी हसायचो. मनगटाचं ऐकणं हे मला तेव्हा अडाणीपणाचं वाटायचं. खरं सांगायचं तर मला स्वतःचा अभिमान वाटू लागला होता, आणि अभिमान वाटतोय हे कळू नये म्हणून मी जास्तच नम्रपणे बोलायचो.

तर एका सकाळी एक ताई आल्या. जवळच्याच नव्या टॉवरमध्ये पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या, पोस्टात नोकरीला. त्यांच्या पुडीवर पेनाने लिहिलेलं होतं: टॉयलेट, डावी भिंत. असं नीटनेटकं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच मिळालं होतं.

"माझे वडील येतायत हो," त्या म्हणाल्या. "खुब्याचं ऑपरेशन झालंय. खाडीकडच्या गावात घर आहे आमचं, पण तिथे संडास मागच्या अंगणात. म्हणून इकडे आणतेय. कमोडच्या बाजूला धरायला हँडल लावायचंय. वॉकर दारातून आत जात नाही, दार अरुंद आहे. त्यांना उठताबसताना त्या हँडलचाच आधार. डॉक्टर म्हणाले, आता पडले तर परत ऑपरेशन, आणि या वयात ते झेपणार नाही."

डॉक्टर म्हणजे हॉस्पिटलचे. पण मला आपलं उगाच जबाबदारी वाढल्यासारखं वाटलं.

मी पुडी उघडली. करडी धूळ, खरखरीत. दुकानात आणखी चार जण होते आणि सगळे बघत होते. मी चिमूट चोळली, उजेडाकडे धरली. "पहिली धूळ टाकली होती ना?"

"हो. आधी टाइलची पांढरी, मग प्लास्टरची, ती टाकली. ही त्याच्या नंतरची."

"काँक्रीट," मी म्हणालो. "टॉवर नवा आहे, आजकाल भिंतीच काँक्रीटच्या ओततात. तुम्ही नशीबवान आहात."

आणि मी त्यांना आठ एमएमचे सहा स्टेनलेस फास्टनर दिले. भोक किती खोल पाडलं, हे मी विचारलं नाही. बिट शेवटी कशात अडकलं की सैल झालं, तेही नाही. काँक्रीटची धूळ करडी असते हे मला माहीत होतं. पोकळ ब्लॉकही सिमेंटचाच असतो आणि त्याचीही धूळ करडीच असते, हेही मला माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी आठवायला हव्या होत्या, एवढंच. ताईंनी शेजाऱ्यांची ड्रिल मशीन आणून स्वतः भोक पाडलं होतं, आणि टाइल फुटेल म्हणून घाबरून दीड इंचावर थांबल्या होत्या. बिट पोकळीपर्यंत पोचलंच नव्हतं.

हँडल लावायला मिस्त्रीच गेले. दोन दिवसांनी, अकराच्या सुमारास, ते दुकानात चहा पीत उभे होते. चेहऱ्यावर मजा होती.

"तुझं काँक्रीट बघून आलो रे काल," ते म्हणाले. "लय प्रेमळ काँक्रीट. फास्टनर घातला तर नट नुसता फिरतोय. पाच मिनिटं फिरवला. म्हटलं ह्याला पंख्याची पाती लावू काय?"

माझ्या हातातली बरणी मी खाली ठेवली. "बिट आत कसं गेलं?"

"टाइल, प्लास्टर, मग इंचभर कडक, आणि मग भसकन. मुठीपर्यंत."

"म्हणजे पोकळ."

"पोकळच. मी भिंत ठोकली तेव्हाच कळलं होतं."

"मग लावलंत कसं?"

मिस्त्रींनी बशी फिरवली. "ताई म्हणाल्या, दुकानातल्या साहेबांनी धूळ तपासलीय, काँक्रीट आहे. शिकलेला माणूस सांगतोय, कागद वाचून सांगतोय. म्हटलं आपलंच मनगट म्हातारं झालं असेल. काड्यापेटीच्या काड्या कोंबल्या, थोडी तार कोंबली, वरून व्हाइट सिमेंट भरलं. ताईंनी ओढून बघितलं, हललं नाही."

हे ऐकून मला जो धक्का बसला तो अजून आठवतो. गेली दोन वर्षं मी या माणसाला सांगत होतो की माझं ऐका. त्याने नेमकं याच वेळी माझं ऐकलं होतं.

"वडील कधी येणार त्यांचे?" मी विचारलं.

"आजच. सकाळी डिस्चार्ज होता."

हाताने ओढून बघणं वेगळं आणि सत्तर किलोचा माणूस एका पायावर सगळा भार टाकून उठणं वेगळं. चुकीचं बसलेलं हँडल ओढून बघताना बरोबर बसलेल्यासारखंच वाटतं. ते एकदाच खोटं ठरतं, आणि तेव्हा त्याला धरलेलं कुणीतरी असतं.

मी भाऊंना काही न सांगता निघालो. मिस्त्री मागून ओरडले, "अरे थांब, मशीन घेऊन येतो!" पण मी थांबलो नाही. लिफ्ट आठव्या मजल्यावर होती, मी जिन्याने गेलो. पाचव्या मजल्यावर दार उघडंच होतं. हॉलमध्ये औषधांच्या पिशव्या, फळं, एक वॉकर. वॉकर रिकामा.

"ताई, वडील कुठेत?"

"आले ना, आत्ताच. टॉयलेटला गेलेत. का हो?"

मी चपलांसकट आत गेलो. टॉयलेटचं दार लोटलेलं होतं. आत एक उंच म्हातारा, खांद्याने रुंद, एक हात दाराच्या चौकटीला आणि दुसरा हात हवेत, हँडलच्या दिशेने निघालेला.

"हात लावू नका!" मी ओरडलो.

म्हातारबाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "कोन रं तू?"

"बाबा, हे दुकानवाले," ताई मागून म्हणाल्या. "ज्यांनी भिंत तपासली ना, ते."

"काका, ते हँडल धरू नका. ते निघेल. भिंत पोकळ आहे. माझी चूक झाली."

"मग काय धरू? तुझी डिग्री?"

डिग्रीचं त्यांना कुठून कळलं, हे मी ताईंकडे बघितल्यावर समजलं. त्यांनी वडिलांना धीर द्यावा म्हणून हॉस्पिटलमध्येच सांगितलं होतं, की हँडलचं काम एका ग्रॅज्युएट माणसाने बघितलंय.

उत्तर द्यायला वेळ नव्हता, कारण काकांना घाई होती. मी आत शिरलो आणि त्यांच्या बाजूला उभा राहिलो. "मला धरा."

"तुला?"

"हो."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. भाताच्या शेतात आणि खाडीच्या बांधावर साठ वर्षं घालवलेला हात. माझं हाड त्यांच्या बोटांत अक्षरशः मापलं गेलं. ते हळूहळू खाली बसले. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. समोर माझे सहा स्टेनलेस फास्टनर होते, चकाकणारे, सभोवती व्हाइट सिमेंटची सुबक रिंग. इतकं सुंदर काम मी क्वचित पाहिलं आहे.

"भिंत बाहेरून बघितलीस?" खालून आवाज आला.

"धूळ बघितली, काका."

"आमच्या गावात खाडीचा बांध असतो. वरून गवत, माती, एकदम झकास. आतून चिंबोऱ्या-खेकड्यांनी बिळं करून ठेवलेली. पानी चढलं का एका रात्रीत बांध जातो. बांध बघून कोनी सांगत नाही. वरून चालत जायचं, पाय आपटत. जिथं ढब वाजलं तिथं खोदायचं."

"हो, काका."

"उठू दे आता. धर नीट."

मी धरलं. ते उठले. त्या दहा मिनिटांत मला जेवढी भीती वाटली तेवढी टी.वाय.च्या निकालाच्या दिवशीही वाटली नव्हती.

मिस्त्री मशीन घेऊन पोचले तेव्हा आम्ही हॉलमध्ये होतो. मिस्त्रींनी आत जाऊन हँडलला दोन्ही हात घातले, भिंतीला पाय लावला आणि मागे रेलले. वरचे तीन फास्टनर काड्यांसकट बाहेर आले. ताईंनी एक काडी उचलली, तिच्याकडे बघितलं आणि केराच्या डब्यात टाकली. मला वाटतं त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"केमिकलवाला दांडा लावू," मी म्हणालो. "जाळीच्या नळीत. कागदात..." आणि थांबलो.

"केमिकल दुकानात आहे?" मिस्त्रींनी विचारलं.

नव्हतं. मागवावं लागलं असतं, आणि काका उद्यापर्यंत थांबू शकणाऱ्यातले नव्हते.

"आरपार जाऊ," मिस्त्री म्हणाले. "भिंतीपलीकडे हॉल आहे. तिकडून लोखंडी प्लेट, इकडून हँडल, मधून लांब बोल्ट. पोकळी आहे तर आहे, आपण तिच्यातून जायचं."

"पण जोरात आवळलं तर ब्लॉकचं कवच दबून फुटेल."

मिस्त्री माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "हे कागदात आहे?"

"आहे."

"बरोबर आहे कागद. मग भिंतीच्या जाडीएवढ्या नळ्या कापून बोल्टावर घालू. आवळण्याचा ताण नळी घेईल, ब्लॉक घेणार नाही."

हे कागदात नव्हतं. मी दुकानात जाऊन प्लेट, बोल्ट आणि नळी घेऊन आलो. भाऊंनी विचारलं, "कुठे होतास?" मी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "सामान चांगल्यातलं ने. आणि त्यांच्याकडे पैसे मागू नकोस."

भोकं पाडताना मिस्त्रींनी हॅमर बंद ठेवला आणि नुसतं फिरवत नेलं, कारण ठोक्याने ब्लॉकच्या मागच्या बाजूची खपली उडते. दुसऱ्या भोकाला त्यांनी मशीन माझ्या हातात दिली. "घे. मनगटाने ऐक." टाइल, मग कडक, मग अचानक काहीच नाही, मग पुन्हा कडक. पुढच्या कवचापासून मागच्या कवचापर्यंतचा तो रिकामा भाग मला पहिल्यांदा हाताला लागला. कितीतरी पुड्यांत तो कधीच आला नव्हता.

काका खुर्चीत बसून हॉलच्या भिंतीतून बिट बाहेर येताना बघत होते. "टीव्हीच्या बाजूलाच आला रं हा," ते म्हणाले. "आता पावने येतील नि इचारतील, ह्या प्लेटी कसल्या? काय सांगायचं पोरी?"

"सांगा, डॉक्टरांनी लावल्यात," मिस्त्री म्हणाले.

संध्याकाळी चारच्या सुमारास हॉलच्या ताज्या रंगावर दोन लोखंडी प्लेटा आणि सहा नट दिसू लागले. आत हँडल बसलं. मिस्त्री त्याला लटकले, पाय उचलून. मग मी लटकलो. मग दोघं मिळून. हँडल केसभरही हललं नाही. ताई पहिल्यांदा हसल्या आणि त्यांनी चहा टाकला.

चहा होईस्तोवर काकांना पुन्हा जायचं होतं. या वेळी त्यांनी मला हाताने बाजूला केलं. "तू बाहेर थांब. बायकोला पन मी आत घेतलं नव्हतं कधी."

काठी घेऊन ते आत शिरले आणि दार लोटलं गेलं. आम्ही तिघं चहाचे कप हातात घेऊन बाहेर उभे. दाराकडे इतकं लक्ष देऊन मी आयुष्यात कधी उभा राहिलेलो नाही. काठी टेकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग फ्लश. मग पाय ओढत चालण्याचा आवाज, आणि दार उघडलं.

"कसं वाटलं काका?" मी विचारलं. "हँडल?"

"चांगलं आसंल."

"असेल म्हणजे? धरलं नाहीत?"

"त्या बाजूला कसं धरू? ऑपरेशन डाव्या पायाचं. जोर सगळा उजवीकडं. मी त्या उजवीकडच्या बेसिनला धरून उठलो."

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी ताईंकडे बघितलं. डावी भिंत हे पुडीवर त्यांनीच लिहिलं होतं, कारण डावा पाय दुखरा होता आणि आधार दुखऱ्या बाजूला हवा असं त्यांना वाटलं होतं. भिंत कशाची हे मी विचारलं होतं. उठणार कसं, हे ज्याला उठायचं होतं त्याला कुणीच विचारलं नव्हतं.

"ते बेसिन," मिस्त्री सावकाश म्हणाले, "दोन ब्रॅकेटवर आहे, आणि ती ब्रॅकेट बिल्डरच्या प्लंबरने कशावर मारलीत ते देवाला ठाऊक." ते आत गेले, गुडघ्यावर बसले आणि बेसिनच्या बाजूची टाइल हातोडीच्या दांड्याने ठोकू लागले. खालून वर. ठक, ठक, ठक. एकसारखा आवाज, कुठेही बदल नाही.

"ये इकडे," त्यांनी मला हाक मारली. "ठोक."

मी ठोकलं. हातोडी जवळजवळ परत उडाली.

"काय म्हणतंय?"

"कॉलम आहे," मी म्हणालो. "काँक्रीट."

"धूळ बघायची नाही?"

"बघायची. पण आधी भोक."

त्या भोकाला वेळ लागला. टाइल संपल्यावर हॅमर चालू केला, तरी मशीन रडत होती. करड्या धुळीत खडीचे बारीक चकचकीत कण होते. तिसऱ्या भोकाला बिट लोखंडावर जाऊन किंचाळलं, सळी लागली. आम्ही दोन इंच बाजूला सरकलो. कॉलमच्या कडेपासून चार बोटं आत राहिलो, नाहीतर फास्टनर पसरताना कोपरा उडतो. भोकं फुंकून साफ केली. फास्टनर दुकानातून नवे आणावे लागले, कारण पहिल्यांच्या पट्ट्या पोकळीत पसरून वाकड्या झाल्या होत्या. पान्याने नट आवळताना चौथ्या फेऱ्याला पान्याने हात अडवला. त्यापुढे तो एक रेघही गेला नाही. हेच ते चावणं, ज्याचं चित्र मी इतके दिवस बघत होतो.

हँडल तेवढं एकच होतं, म्हणून नट आवळण्याआधी दुसरं आणायला मीच पुन्हा दुकानात गेलो होतो. भाऊ म्हणाले, "अजून?" मी म्हणालो, "माणूस उजवा आहे."

काका सहा महिने ताईंकडे राहिले आणि मग आपल्या पायांनी गावाला परत गेले. जाण्याआधी एकदा दुकानात येऊन गेले, काठी टेकत. मला बघून म्हणाले, "बसलंय अजून, हलत नाही," आणि एक पिशवी तांदूळ काउंटरवर ठेवून निघून गेले.

मी आता पुडी बघतो तेव्हा खोली विचारतो, हाताला काय लागलं ते विचारतो, आणि कोण धरणार आहे तेही विचारतो. लोकांना हे फार लांबण वाटतं. काही जण दुसऱ्या दुकानात जातात. मिस्त्री मला अजूनही डॉक्टर म्हणतात, पण आता कुणी त्यांना भिंतीविषयी विचारलं तर सांगतात, "थांब, दोघं मिळून बघू."

डाव्या भिंतीवरचं हँडल ताईंनी काढलं नाही. सहा आरपार बोल्ट, दोन लोखंडी प्लेटा, बरोबर मापाच्या नळ्या. माझ्या मते आख्ख्या टॉवरमध्ये त्याच्याइतकं मजबूत काही बसवलेलं नसेल. त्याच्यावर त्या ओला टॉवेल वाळत घालतात.